पॉवरप्ले संपायला दोन चेंडू होते... रोहितच्या त्या फटक्यामागचं गणित काय होतं?

19 नोव्हेंबर 2023. अहमदाबाद. वनडे वर्ल्ड कपची फायनल. दहावं षटक सुरू होतं आणि चेंडू ग्लेन मॅक्सवेलच्या हातात होता. रोहित शर्मानं आधी एक षटकार मारला, लगेच पुढच्या चेंडूवर चौकार. त्याच्या पुढच्या चेंडूला तो पुन्हा पुढे सरसावला, बॅट फिरवली आणि चेंडू उंच उडाला. कव्हरच्या भागातून ट्रॅव्हिस हेड पाठमोरा धावत गेला आणि त्यानं सूर मारून झेल पकडला. रोहित 31 चेंडूंत 47.

पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्या फटक्यावरून सुरू झालेला वाद अजून संपलेला नाही. त्याच षटकात दहा धावा मिळाल्या होत्या, मग आणखी एक मोठा फटका मारायची गरज काय होती? तुमच्याही घरात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न विचारला गेला असेलच.

या प्रश्नाचं उत्तर रोहितच्या स्वभावात शोधण्याआधी मैदानावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या वर्तुळात शोधायला हवं. त्याचा विकेट पडला तेव्हा पॉवरप्लेचे फक्त दोन चेंडू उरले होते. त्यानंतर त्याच मैदानावर, त्याच फटक्याची किंमत बदलणार होती.

आधी नियम, थोडक्यात

टीव्हीवर मैदानात जे पांढरे ठिपके दिसतात, ते खरं तर पूर्ण वर्तुळ नसतं. दोन्ही बाजूंच्या मधल्या स्टंपपासून 30 यार्डांवर, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटरवर, एकेक अर्धवर्तुळ काढतात आणि ती दोन्ही सरळ रेषांनी जोडतात. त्याला आपण 'तीस यार्डांचं वर्तुळ' म्हणतो.

गोलंदाज आणि यष्टीरक्षक सोडले तर कर्णधाराकडे नऊ क्षेत्ररक्षक उरतात. वनडेत पहिल्या दहा षटकांत त्यातले जास्तीत जास्त दोनच वर्तुळाबाहेर उभे राहू शकतात. अकराव्या षटकापासून चाळिसाव्यापर्यंत चार आणि शेवटच्या दहा षटकांत पाच. टी-ट्वेंटीत पहिली सहा षटकं दोन आणि त्यानंतर थेट पाच. मर्यादा मोडली तर पंच नो-बॉल देतात आणि पुढचा चेंडू फ्री हिट.

सध्याची ही रचना 2015 पासूनची आहे. त्याआधी 'बॅटिंग पॉवरप्ले' नावाचा एक प्रकार होता. तो कधी घ्यायचा हे फलंदाजी करणारा संघ ठरवायचा आणि अनेकदा तो घेतला की धावांऐवजी विकेटच पडायच्या. तो गेला याचं फारसं कुणाला वाईट वाटलं नाही.

वर्तुळाबाहेर दोघे असले की नेमकं काय बदलतं?

आता कर्णधाराच्या जागी उभे राहा. नवा चेंडू आहे, वेगवान गोलंदाज आहे. तुम्ही दोघांना बाहेर पाठवलंत. एक थर्ड मॅनला, कारण बॅटची कड लागून गेलेला चेंडू तिकडे चौकार होतो. दुसरा डीप स्क्वेअर लेगला, कारण आखूड चेंडूवर पुल बसला तर तो तिकडे जातो. उरलेले सात आत. त्यातले दोन स्लिपमध्ये, मग पॉइंट, कव्हर, मिड-ऑफ, मिड-ऑन आणि मिड-विकेट.

या रचनेत समोरची सगळी सीमारेषा उघडी आहे. मिड-ऑफ आणि मिड-ऑन हे दोघे 27 मीटरच्या आत उभे आहेत. सीमारेषा किमान 59 मीटरवर असावी लागते, मोठ्या मैदानात ती 82 मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे मिड-ऑफच्या पाठीमागे तीस-चाळीस मीटरचा मोकळा पट्टा पडलेला आहे. फलंदाजाला चेंडू प्रेक्षकांत पोहोचवायची गरज नाही. मिड-ऑफच्या डोक्यावरून गेला की पुरे, बाकीचं काम आउटफिल्ड करतं. फटका नीट बसला नाही आणि चेंडू चाळीस मीटरवर पडला, तरी तिथे झेल घ्यायला बहुतेक वेळा कुणी नसतं.

पण या नियमाची दुसरी बाजू आहे, आणि तिची चर्चा कमी होते. सात माणसं आत असल्यामुळे एकेरी धाव अवघड होते. हलक्या हातानं कव्हरकडे ढकललेला चेंडू अकराव्या षटकानंतर आरामात एक धाव देतो. पॉवरप्लेत तो बहुतेकदा निर्धाव जातो. म्हणून पहिल्या दहा षटकांत चौकार किंवा काहीच नाही असा खेळ जास्त दिसतो आणि मधल्या षटकांत एक-एक, दोन-दोन धावांचा.

फायनलचा धावफलक हेच सांगतो

भारताच्या त्या डावाकडे या नजरेनं पाहा. पहिल्या दहा षटकांत 2 बाद 80. त्यात नऊ चौकार आणि तीन षटकार, म्हणजे 54 धावा सीमारेषेवरून आलेल्या. उरलेल्या 26 धावा धावून आणि अवांतर अशा मिळून. षटकामागे जेमतेम अडीच.

पुढच्या चाळीस षटकांत भारतानं 160 धावा केल्या. त्यात चौकार किती? चार. षटकार एकही नाही. म्हणजे 16 धावा सीमारेषेवरून आणि 144 धावून किंवा अवांतर. षटकामागे साडेतीनपेक्षा थोड्या जास्त.

धावून काढलेल्या धावांचा वेग वाढला, हे लक्षात घ्या. विराट कोहली आणि के. एल. राहुल आळशीपणे खेळत होते असं नाही. वर्तुळातली माणसं कमी झाली आणि एकेरी धावा सहज मिळू लागल्या. पण सीमारेषा बंद झाली. मध्ये सलग 97 चेंडू असे गेले की त्यात एकही चौकार नव्हता. राहुलनं 107 चेंडूंत 66 धावा केल्या, त्यात चौकार एकच. कोहलीच्या 54 धावांत चार चौकार होते आणि ते सगळे पॉवरप्लेतले. त्यातले तीन तर मिचेल स्टार्कच्या एकाच षटकात, लागोपाठ.

आठच्या गतीनं धावणारा डाव चारच्या गतीवर आला. पॅट कमिन्सनं नाणेफेक जिंकून आधी क्षेत्ररक्षण घेतलं होतं. खेळपट्टी संथ होती, चेंडू बॅटवर थांबून येत होता. अकराव्या षटकाच्या सुरुवातीलाच श्रेयस अय्यरही बाद झाला आणि धावसंख्या 3 बाद 81 झाली. त्यानंतर ऑस्ट्रेलियानं चार माणसं सीमारेषेवर ठेवली आणि चेंडूचा वेग कमी-जास्त करत, आखूड टप्प्यावर मारा केला. अशा चेंडूवर जोर लावून मारायचं तर चेंडू हवेत जाणार आणि हवेत गेला तर खाली कुणीतरी उभा असणार.

मग रोहितचा हिशोब बरोबर होता का?

त्या क्षणी त्याच्यासमोर काय होतं? ऑफस्पिनर गोलंदाजी करतोय आणि बाहेर दोघेच आहेत. आणखी दोन-तीन चेंडूंनंतर आणखी दोघे मागे जाणार. मग जो फटका आता चार किंवा सहा धावा देतो तोच फटका तेवढाच धोका पत्करून एक धाव देणार, किंवा थेट झेल होणार. धोका तोच आणि मोबदला चौथा हिस्सा असेल तर शहाणा फलंदाज तो धोका आधीच पत्करेल.

रोहित त्या संपूर्ण स्पर्धेत हेच करत आला होता. सेमीफायनलमध्ये न्यूझीलंडविरुद्ध त्यानं 29 चेंडूंत 47 केल्या होत्या. संपूर्ण स्पर्धेत 597 धावा आणि शंभर चेंडूंमागे जवळपास 126 धावांचा वेग. सलामीवीरानं नव्वद चेंडूंत शतक करावं अशी आपली जुनी सवय. त्याऐवजी त्यानं स्वतःचं काम पहिल्या दहा षटकांपुरतं आखून घेतलं होतं. मैदान उघडं असताना जेवढं लुटता येईल तेवढं लुटायचं, म्हणजे मागून येणाऱ्यांना मैदान बंद झाल्यावर घाई करावी लागणार नाही.

माझ्या मते निर्णय चुकीचा नव्हता. मात्र एक गोष्ट विरोधी बाजूनंही मांडता येते. शुभमन गिल आधीच बाद झाला होता आणि खेळपट्टी संथ आहे हे दिसत होतं. अशा खेळपट्टीवर अकराव्या षटकानंतर नव्या फलंदाजाला स्थिरावणं जास्त अवघड जातं, म्हणजे रोहितच्या विकेटची किंमत एरवीपेक्षा मोठी होती. षटकारानंतर आणि चौकारानंतर हिशोब थोडा बदलायला हवा होता, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा एवढाच आहे. तो टाकाऊ नाही.

आणि झेल? हेड वर्तुळाच्या आतून मागे धावत गेला. मागे मोकळा पट्टा होता म्हणूनच त्याला एवढं धावावं लागलं. असे झेल रोज पकडले जात नाहीत. नियमानं रोहितला दिलेली सूट त्या एका क्षेत्ररक्षकानं पायांच्या जोरावर काढून घेतली.

गोलंदाज नुसते मार खायला नसतात

पॉवरप्ले म्हणजे फलंदाजांची दिवाळी असं सरसकट बोललं जातं. त्यात अर्धंच तथ्य आहे. सात जणांना आत ठेवायचंच असेल तर त्यातल्या एकाला किंवा दोघांना स्लिपमध्ये उभं करायला वेगळी किंमत मोजावी लागत नाही. मधल्या षटकांत स्लिप ठेवली तर एकेरी धाव अडवणारा एक माणूस कमी होतो. पॉवरप्लेत ती जवळपास फुकट मिळते. त्यात चेंडू नवा असतो. 2023 मध्ये वनडेत दोन्ही बाजूंनी वेगवेगळे नवे चेंडू वापरले जायचे, म्हणजे दहा षटकं संपली तरी प्रत्येक चेंडू पाचच षटकं जुना. (जुलै 2025 पासून चौतिसाव्या षटकानंतर त्यातला एकच चेंडू पुढे वापरतात. पण पॉवरप्लेवर त्याचा काही परिणाम नाही.)

अडचण टप्प्याची असते. पांढरा चेंडू स्विंग व्हावा म्हणून तो पुढे टाकावा लागतो. पुढे टाकला की फलंदाजाला ड्राइव्ह मिळतो, आणि मिड-ऑफच्या मागे कुणीच नाही. आखूड टाकला तर ड्राइव्ह बंद होतो, पण स्विंगही वाया जातो. त्यामुळे चांगले गोलंदाज पहिली दोन-तीन षटकं चेंडू हलतोय का हे पाहतात. हलत असेल तर पुढे टाकतात आणि दोन चौकार गेले तरी स्लिप काढत नाहीत. हलत नसेल तर लगेच टप्पा मागे खेचतात, पोटाच्या उंचीवर, जिथून उंच मारलेला फटका नीट बसत नाही. गिल असाच बाद झाला. स्टार्कच्या चेंडूवर त्याचा पुल नीट बसला नाही आणि मिड-ऑनला ॲडम झम्पानं झेल घेतला. पॉवरप्लेचा माणूस आत होता म्हणून तो झेल झाला. दहा षटकांनंतर तोच झम्पा सीमारेषेजवळ उभा असता तर कदाचित चेंडू त्याच्या खूप पुढे पडला असता.

त्या रात्री भारतानंही हेच केलं. 240 धावांचा बचाव करायचा तर ऑस्ट्रेलियाचे दहाच्या दहा बळी हवेत, हे उघड होतं. जसप्रीत बुमरासोबत नवा चेंडू मोहम्मद शमीला दिला. पहिल्याच चेंडूवर वॉर्नरच्या बॅटची कड लागली आणि चेंडू स्लिपमधल्या दोघांच्या मधून चौकार गेला. पहिल्या षटकात 15 धावा गेल्या. कर्णधार घाबरला असता तर स्लिप निघाली असती. निघाली नाही, आणि पुढच्याच षटकात शमीच्या गोलंदाजीवर वॉर्नरचा झेल कोहलीनं स्लिपमध्येच घेतला. मग बुमरानं मिचेल मार्श आणि स्टीव्ह स्मिथला बाद केलं. सात षटकांत 3 बाद 47.

दहा षटकांनंतर ऑस्ट्रेलिया 3 बाद 60. भारत त्याच टप्प्यावर 2 बाद 80. पॉवरप्लेचा धावफलक पाहिला तर भारत स्पष्टपणे पुढे होता.

तरीही हरलो कसे?

पॉवरप्लेचे आकडे काय सांगू शकत नाहीत, ते इथे दिसतं. रात्री दव पडायला लागलं, चेंडू बॅटवर सहज येऊ लागला. भारतीय फलंदाजांना ज्या मधल्या षटकांत सीमारेषा सापडत नव्हती, त्याच षटकांत हेडनं ती शोधून काढली. त्याच्या 137 धावांत 15 चौकार आणि 4 षटकार होते. दुसऱ्या बाजूनं मार्नस लाबुशेन 110 चेंडूंत नाबाद 58, एक-एक धाव जमवत. दोघांनी 192 धावांची भागीदारी केली आणि 43 षटकांत सामना संपवला.

दोन्ही डावांत अकराव्या षटकानंतर चारच माणसं बाहेर होती. नियम सारखा. पण संथ खेळपट्टीवर ती चार माणसं पुरतात आणि चेंडू वेगानं बॅटवर येत असेल तर पुरत नाहीत. क्षेत्ररक्षणाची मर्यादा फटक्याची किंमत ठरवते. फटका बसणार की नाही, हे खेळपट्टी ठरवते.

हा खेळ सुरू कधी झाला?

1992 च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्या पंधरा षटकांत दोघेच बाहेर, असा नियम होता. बहुतेक संघ तरीही जुन्या पद्धतीनं, विकेट राखत खेळत राहिले. न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचनं मात्र सलामीला येऊन उंच फटके मारायला सुरुवात केली. चार वर्षांनी श्रीलंकेनं ते धोरणच करून टाकलं. 1996 च्या वर्ल्ड कपमध्ये दिल्लीत भारताविरुद्ध सनथ जयसूर्या आणि रोमेश कालुवितरणानं पहिल्या तीन षटकांत 42 धावा काढल्या होत्या. मनोज प्रभाकरच्या चार षटकांत 47 धावा गेल्या. वेगवान मारा सोडून तो ऑफस्पिन टाकताना ज्यांनी पाहिला ते अजून ती गोष्ट सांगतात. तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. 'पॉवरप्ले' हा शब्द मात्र बराच नंतर, 2005 मध्ये आला.

टी-ट्वेंटीत हिशोब आणखी टोकाचा

वनडेत पॉवरप्ले एकूण डावाचा पाचवा हिस्सा असतो. टी-ट्वेंटीत वीसपैकी सहा, म्हणजे जवळपास तिसरा. शिवाय विकेट दहाच, पण चेंडू फक्त 120. त्यामुळे एका विकेटची किंमत खूप कमी होते आणि एका निर्धाव चेंडूची खूप जास्त. रोहितच्या फटक्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी टी-ट्वेंटीत झालीच नसती, तिथे तो फटका न मारणं हीच चूक ठरली असती.

याचं टोक पाहायचं असेल तर 20 एप्रिल 2024 चा दिल्लीतला आयपीएल सामना पाहा. सनरायझर्स हैदराबादनं पहिल्या सहा षटकांत बिनबाद 125 धावा केल्या. सलामीला अभिषेक शर्मा आणि, हो, पुन्हा ट्रॅव्हिस हेड. उरलेल्या चौदा षटकांत त्याच संघाला 141 धावा करता आल्या. सातव्या षटकापासून पाच माणसं बाहेर गेली, विकेट पडू लागल्या आणि षटकामागे वीसच्या वर असलेला वेग दहावर आला. तरी 266 झाल्या आणि सामना जिंकला, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या सामन्यात काय पाहायचं?

धावफलकाआधी मिड-ऑफ कुठे उभा आहे ते पाहा. तो आत असेल आणि फलंदाज सरळ उंच मारत असेल तर तो नियमाचा फायदा घेतोय. पॉवरप्लेतच कर्णधारानं मिड-ऑफला मागे पाठवलं तर समजा, थर्ड मॅन किंवा स्क्वेअर लेग आत आला आहे. लगेच त्या बाजूला नजर टाका, पुढचा चौकार बहुधा तिकडून येईल, किंवा गोलंदाज मुद्दाम फलंदाजाला तिकडे मारायला लावतोय. दोन चौकार गेल्यावर स्लिप जागेवर राहिली तर कर्णधार अजून विकेटच्या मागे आहे. ती निघून कव्हरमध्ये गेली तर आता त्याला फक्त धावा रोखायच्या आहेत.

आणि दहाव्या षटकात कुणी पुढे सरसावून मोठा फटका खेळला, तर त्याला नावं ठेवण्याआधी पॉवरप्लेचे किती चेंडू शिल्लक आहेत ते मोजा.